मागच्या खोलीतल्या टीव्हीपर्यंत इंटरनेट: पॉवरलाइन अडॅप्टर की मेश नोड? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या बहुतेक फ्लॅटमध्ये फायबर मुख्य दाराच्या चौकटीवरून आत येते आणि राउटर तिथेच, चपलांच्या कपाटावर किंवा दाराच्या मागे भिंतीवर, कायमचा बसतो. टीव्ही मात्र शेवटच्या बेडरूममध्ये असतो. या पानावरची उत्तरे त्या दोघांमधल्या दहा-बारा मीटरबद्दल आहेत. पॉवरलाइन अडॅप्टर ते अंतर विजेच्या तारांवरून पार करतो, तर मेश नोड राउटरचे वायफाय वाटेत पकडून पुढे पोहोचवतो. समजायला सोपे जावे म्हणून एकच नमुना फ्लॅट धरला आहे. दादरची जुनी इमारत, नऊ इंची विटांच्या भिंती, दारातून हॉल, हॉलमधून मागे जाणारा अरुंद पॅसेज, पॅसेजच्या एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला बाथरूम आणि टोकाला दोन बेडरूम. राउटर दाराशी, टीव्ही मागच्या डाव्या बेडरूममध्ये, सरळ रेषेत अंतर ११ मीटर. पुढचे मोजमापाचे आकडे या नमुन्यापुरते आहेत. तुमच्या घरात ते वेगळे येतील, पण ते वाचायची रीत तीच राहील.

त्याच खोलीत मोबाईलवर व्हिडिओ नीट चालतो. मग टीव्हीच का अडकतो?

आधी एक गोष्ट तपासा: मोबाईल खरोखर वायफायवर आहे का? वायफाय कमजोर झाले की बरेच फोन गुपचूप मोबाईल डेटावर जातात आणि आपल्याला वाटते घरचे नेट उत्तम आहे. मोबाईल डेटा बंद करून पुन्हा बघा.

तरीही फरक राहिला तर कारण टीव्हीच्या पाठीमागे आहे. टीव्हीचा अँटेना पॅनलच्या मागच्या बाजूला असतो आणि टीव्ही भिंतीला टेकलेला असतो. म्हणजे एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पॅनलचा धातूचा पत्रा. फोन आपण हातात धरतो, थोडा दाराकडे सरकतो, कोन बदलतो. टीव्हीला ती सोय नाही. त्यामुळे सगळी मोजणी टीव्हीच्या पाठीशी करायची, पलंगावर बसून नाही.

टीव्हीला नेमका किती स्पीड लागतो? आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे.

प्लॅनचा आकडा इथे जवळपास गैरलागू आहे. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि फोर-के साठी १५ एमबीपीएस सुचवते. म्हणजे टीव्हीच्या जागी रात्रंदिवस न हलणारे २५-३० एमबीपीएस मिळाले तरी घरचे काम भागते. बहुतेक टीव्हींचे लॅन पोर्टही १०० एमबीपीएसचेच असते. म्हणून ‘टीव्हीवर २०० का दिसत नाहीत’ यामागे धावण्यात अर्थ नाही.

चित्र अडकते ते सरासरी स्पीडमुळे क्वचितच. पाच-सात सेकंद काहीच पोहोचत नाही, टीव्हीने साठवलेला भाग संपतो आणि गोल फिरू लागतो. म्हणून शोधायच्या असतात त्या या खंडाच्या जागा.

काही विकत घेण्याआधी काय मोजावे?

दोन मोजण्या पुरतात.

पहिली सिग्नलची. अँड्रॉइड फोनवर वायफाय अॅनालायझर प्रकारचे कोणतेही अॅप घ्या आणि फोन टीव्हीच्या मागे धरून डीबीएमचा आकडा बघा. हा आकडा उणे असतो आणि शून्याकडे जाईल तितका चांगला. व्हिडिओसाठी उणे ६७ ही कामचलाऊ सीमा धरा. दर तीन आकडे खाली गेले की ताकद निम्मी होते, त्यामुळे उणे ७० आणि उणे ८० यांच्यात दिसतो त्याहून फार मोठा फरक असतो. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, दोन्हींचे आकडे वेगळे लिहून ठेवा.

दुसरी मोजणी खंडाची. लॅपटॉप टीव्हीजवळ ठेवा आणि थेट राउटरला पिंग करा. बाहेरच्या साइटला नको, नाहीतर कंपनीच्या लाइनचा दोष घराच्या माथी बसेल. विंडोजवर:

```
ping -n 200 192.168.1.1
```

मॅक किंवा लिनक्सवर `-n` ऐवजी `-c` लिहा. राउटरचा पत्ता तुमच्याकडे वेगळा असेल तर तो घाला. शेवटी येणाऱ्या हिशोबात दोनच गोष्टी बघायच्या: किती हरवले आणि सर्वांत उशिरा आलेले उत्तर किती मिलिसेकंदांनी आले. ही चाचणी रात्री नऊ-दहाच्या सुमारास करा. त्या वेळी इमारतीतले सगळे वायफाय जागे असतात.

आपल्या नमुना फ्लॅटमध्ये टीव्हीच्या पाठीशी २.४ वर उणे ७२ आणि ५ वर उणे ८६ आले. २०० पैकी ९ पिंग हरवले आणि सर्वांत उशिराचे उत्तर ११४० मिलिसेकंदांचे होते. सरासरी मात्र ३८. सरासरी पाहणारा म्हणेल सगळे ठीक आहे; हरवलेले ९ आणि तो ११४० पाहिला की टीव्ही का अडकतो हे कळते.

सरळ लॅन केबलच टाकली तर?

तर हे पान इथेच मिटवा. केबलइतके स्थिर दुसरे काही नाही, आणि शक्य असेल तिथे आमचा सल्ला कायम केबलचाच आहे. दाराच्या चौकटीवरून, स्कर्टिंगच्या कडेने, केसिंग पट्टीतून २० मीटर केबल सहज जाते. केबल शुद्ध तांब्याची घ्या. वरून तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त केबल कोपऱ्यांत वळवताना तुटते आणि दोष मग महिनाभर सापडत नाही.

आणखी एक मार्ग लोक विसरतात. फायबर बसवणाऱ्यालाच विचारा, “दादा, वायर पॅसेजपर्यंत वाढवून द्याल का?” राउटर दारावरून घराच्या मध्यावर आला की निम्म्या घरांत वेगळे काही घ्यावेच लागत नाही. फक्त फायबर कोपऱ्यात काटकोनात मोडू देऊ नका, चांगली मोठी गोलाई राहू द्या.

भाड्याचे घर, नुकतीच केलेली रंगरंगोटी, किंवा मध्ये येणारी दारे यामुळे दोन्ही जमत नसेल तर पुढे वाचा.

मेश नोड टीव्हीशेजारी ठेवला, टीव्हीवर सिग्नल फुल्ल दिसतो, तरी अडकतो. नोड खराब आहे का?

नोड बहुधा चांगला आहे, जागा चुकली आहे. ही चूक सर्वांत जास्त होते, म्हणून जरा सविस्तर.

टीव्हीवर दिसणारा सिग्नल हा नोड ते टीव्ही या शेवटच्या दीड मीटरचा असतो. पण नोडला स्वतःला इंटरनेट राउटरकडूनच आणायचे आहे, आणि तो बसला आहे त्याच जागी जिथे राउटर पोहोचत नव्हता. रिकाम्या टाकीला कितीही मोठा नळ लावला तरी पाणी येणार नाही. नोडला राउटरचा सिग्नल चांगला मिळेल अशीच जागा हवी, आणि ती जागा जवळपास नेहमी टीव्हीच्या खोलीबाहेर असते.

नमुना फ्लॅटमध्ये तीन जागा मोजल्या, तिन्ही ५ गिगाहर्ट्झवर. हॉल संपून पॅसेज सुरू होतो तिथे राउटरचा सिग्नल उणे ४९. पॅसेजच्या टोकाला, बेडरूमच्या दाराबाहेर, उणे ६१. बेडरूममध्ये टीव्ही युनिटवर उणे ८४. पॅसेजच्या टोकापासून टीव्ही युनिटपर्यंत अंतर जेमतेम तीन मीटर, पण तेवढ्यात आकडा तेवीसने घसरला. कारण पॅसेजपर्यंत सिग्नल उघड्या जागेतून येतो, आणि टीव्हीपर्यंतची सरळ रेषा बाथरूममधून जाते: दोन भिंती, दोन्हींवर टाइल्स, आत पाण्याचे पाइप, वर आरशाचे कपाट. लाकडी दार सिग्नल फारसा अडवत नाही. विटांची भिंत अडवते. आरसीसीचा खांब, लोखंडी कपाट, आरसा आणि फ्रिज त्याहून जास्त अडवतात.

मग नोड कुठे? टीव्ही युनिटवर ठेवला तर राउटरशी दुवा उणे ८४ चा, म्हणजे नावापुरता. हॉलच्या टोकाला ठेवला तर राउटरशी दुवा उत्तम, पण तिथून टीव्ही पुन्हा भिंतीआड. पॅसेजच्या टोकाला ठेवला तर राउटरकडून उणे ६१ आणि टीव्हीकडे फक्त एक लाकडी दार. उत्तर तेच. साधारण नियम असा की नोडच्या जागी राउटरचा ५ गिगाहर्ट्झ सिग्नल उणे ५५ ते उणे ६५ मध्ये असावा. याहून चांगला असेल तर नोड अजून पुढे सरकवता येईल. याहून वाईट असेल तर मागे आणा.

उंचीही बघा. खांद्याच्या उंचीवरची छोटी फळी जमिनीवरच्या नोडपेक्षा बरी. पॅसेजमध्ये बहुतेक घरांत दिव्यांच्या स्विचबोर्डावर एक ६ अँपिअरचे सॉकेट असते, नोडला तेवढे पुरते.

टीव्ही नोडला वायफायने जोडावा की केबलने?

केबलने, जमेल तिथे. साध्या दोन-बँडच्या नोडमध्ये ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ एकच असतो. तोच राउटरकडून घेतो आणि तोच टीव्हीला देतो. एका वेळी एकच काम होते, त्यामुळे हाती येणारा वेग साधारण निम्मा होतो. टीव्ही नोडच्या लॅन पोर्टला जोडला की रेडिओ फक्त राउटरशी बोलतो. पॅसेजच्या टोकापासून दाराच्या फटीतून आणि स्कर्टिंगच्या कडेने पाच-सहा मीटरची चपटी केबल पुरते. घरभर केबल टाकण्यापेक्षा हे कितीतरी सोपे. म्हणून नोड घेताना त्याला लॅन पोर्ट आहे ना हे आधी बघा. काही स्वस्त नोडना ते नसते. तीन-बँडच्या संचात राउटर-नोड दुव्यासाठी वेगळा रेडिओ असतो, तिथे केबलचा आग्रह सोडला तरी चालेल.

नमुना फ्लॅटमध्ये पॅसेजच्या टोकाचा नोड आणि त्याला केबलने जोडलेला लॅपटॉप, अशा चाचणीत १४० एमबीपीएस मिळाले, २०० पिंगपैकी एकही हरवला नाही आणि सर्वांत उशिराचे उत्तर २६ मिलिसेकंदांचे आले.

कंपनीचा राउटर तसाच आहे. त्याला मेशचा संच जोडताना काय बदलायचे?

दोन गोष्टी. मेशच्या अॅपमध्ये मोड बदलून `Access Point` करा, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम एकटा जुना राउटर करेल. तसे न केल्यास घरात एकात एक अशी दोन नेटवर्क होतात, आणि मोबाईलवरून टीव्हीवर व्हिडिओ पाठवताना टीव्ही सापडत नाही. दुसरे म्हणजे जुन्या राउटरचे स्वतःचे वायफाय बंद करा किंवा त्याचे नाव बदला, आणि टीव्हीत ते जुने नेटवर्क ‘विसरा’ असे करा. टीव्ही एकदा ओळखलेल्या नेटवर्कला चिकटून राहतो. नोड शेजारी असला तरी तो दाराशी असलेल्या राउटरलाच धरून बसतो.

आठवडाभर छान चालते आणि मग अचानक एक-दोन मिनिटे नोडच गायब. असे का?

चॅनल तपासा. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. राउटरला तिथे रडारसारखी खूण ऐकू आली की त्याला तो चॅनल ताबडतोब सोडावा लागतो, आणि त्याच पट्ट्यातल्या नव्या चॅनलवर जायचे तर आधी किमान मिनिटभर नुसते ऐकत बसावे लागते. विमानतळ आणि हवामानाचे रडार असलेल्या शहरात हे होणारच.

उपाय: ‘ऑटो’ काढून चॅनल ३६ किंवा १४९ पक्का करा. तिथे रडारचा नियम नाही. शेजाऱ्यांची गर्दी दिसत असेल तर चॅनलची रुंदी ८० वरून ४० मेगाहर्ट्झ करा. कमाल वेग कमी होईल, पण टीव्हीला लागणारा २५-३० एमबीपीएस त्यातून आरामात निघतो आणि आजूबाजूचा त्रास कमी होतो. काही मेश संच चॅनल बदलूच देत नाहीत. विकत घेण्याआधी हे विचारून घ्या.

पॉवरलाइन अडॅप्टर आमच्या वायरिंगवर चालेल का?

पॉवरलाइनमध्ये दोन अडॅप्टर असतात. एक राउटरजवळच्या सॉकेटमध्ये, एक टीव्हीजवळच्या. ते घराच्या विजेच्या तारांवरूनच डेटा पाठवतात. वीज ५० हर्ट्झची आणि डेटा २ मेगाहर्ट्झच्या वरचा, त्यामुळे दोन्ही एकाच तारेवर राहू शकतात.

चालेल की नाही हे भिंतींवर अवलंबून नसून तारेच्या वाटेवर आहे. राउटरच्या सॉकेटमधून सिग्नल निघतो, छतावरून डीबीपर्यंत, म्हणजे सगळे एमसीबी असलेल्या घराच्या मुख्य पेटीपर्यंत जातो, तिथे एका एमसीबीतून दुसऱ्या एमसीबीच्या तारेत उतरतो आणि मग बेडरूममध्ये येतो. खोल्या ११ मीटर लांब असल्या तरी तारेची वाट २५-३० मीटर होऊ शकते. वाट लांब, त्यात जुने सैल जोड आणि मध्येच फुटलेले फाटे, म्हणजे सिग्नल कमी. दोन्ही सॉकेट एकाच एमसीबीवर असतील तर सर्वांत चांगले. एकाच डीबीत पण वेगवेगळ्या एमसीबीवर असतील तर सहसा चालते.

खोक्यावरचे ६००, १००० हे आकडे मनावर घेऊ नका. ते तारांवरच्या कच्च्या वेगाचे, दोन्ही दिशा मिळून सांगितलेले असतात. ६०० लिहिलेल्या बऱ्याच अडॅप्टरचे लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचे असते. प्रत्यक्षात ३० ते ८० मिळाले तर समाधानी राहा. टीव्हीला ते भरपूर आहे.

नव्या प्रकारचे अडॅप्टर फेज आणि न्यूट्रलबरोबर अर्थिंगची तारही वापरतात आणि त्याने जोर वाढतो. पण जुन्या घरांत तीन छिद्रांच्या सॉकेटमागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, आणि दोन पिनांच्या प्लगला तर तिचा उपयोगच नाही. अर्थिंग आहे का हे वायरमनकडूनच तपासून घ्या, बोर्ड स्वतः उघडू नका. ती तपासणी टीव्हीसाठी नसली तरी गीझरसाठी व्हायलाच हवी.

अडॅप्टर बसवायची नेमकी पद्धत काय?

आधी दोन्ही अडॅप्टर एकाच खोलीत, शेजारशेजारच्या सॉकेटमध्ये लावा. पॉवरचा दिवा स्थिर झाला की पहिल्याचे `Pair` बटण सेकंदभर दाबा आणि दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचे दाबा. दोन्हींवर दुव्याचा दिवा लागला की जोडी जमली. मग एक काढून राउटरजवळ आणि दुसरा टीव्हीजवळ न्या. जोडी विसरली जात नाही. जवळ असताना जमते आणि खोलीत नेल्यावर दिवा विझतो, तर दोष तारेच्या वाटेचा आहे. जवळही जमत नसेल तर अडॅप्टरचा किंवा जुन्या जोडीचा. तेव्हा रिसेट करून पुन्हा प्रयत्न करा.

अडॅप्टर थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्येच लावा. एक्स्टेंशन बोर्डात, त्यातही स्पाइक गार्डमध्ये, नको. वरच्या वारंवारतेचा कचरा गाळणे हेच स्पाइक गार्डचे काम, आणि तुमचा डेटा त्याच्या दृष्टीने कचराच. यूपीएसच्या आउटपुटवरही तसेच. भिंतीवर एकच सॉकेट असेल तर ज्या अडॅप्टरच्या तोंडावर पुन्हा सॉकेट असते तो प्रकार घ्या. त्या सॉकेटला आत फिल्टर असतो, टीव्हीचा एक्स्टेंशन बोर्ड तिथे लावा. एसी किंवा गीझर मात्र त्यातून चालवू नका.

प्लग भारतीय पिनांचा आहे का हेही बघा. चौकोनी पिनांच्या अडॅप्टरला कन्व्हर्टर लावला की जोड सैल राहतो, गरम होतो आणि दुवा दिवसातून चार वेळा तुटतो.

पॉवरलाइन दिवसा ५०-६० देते आणि रात्री १०-१२ वर येते. काय बिघडते?

काही बिघडत नाही, घरात काहीतरी चालू होते. मोबाईलचे स्वस्त चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर ही मंडळी तारांवर गोंगाट सोडतात, तोही डेटाच्याच पट्ट्यात. मिक्सरचाही त्रास होतो, पण तो दोन मिनिटांत संपतो.

गुन्हेगार शोधायचा तर मोजत मोजत. त्यासाठी दोन संगणकांमधला वेग मोजणारे iperf3 हे सॉफ्टवेअर दोन्हींवर टाकून घ्या. राउटरला केबलने जोडलेल्या एका संगणकावर हे चालवा:

```
iperf3 -s
```

आणि टीव्हीजवळच्या अडॅप्टरला जोडलेल्या लॅपटॉपवर, पहिल्या संगणकाचा पत्ता घालून:

```
iperf3 -c 192.168.1.20 -t 60 -R
```

`-R` मुळे डेटा राउटरकडून टीव्हीकडे वाहतो, म्हणजे खऱ्या वापराच्या दिशेने. लॅपटॉपचे वायफाय बंद ठेवा आणि तो बॅटरीवरच चालवा, नाहीतर त्याचाच चार्जर मोजणीत येईल. आता एकेक वस्तू बंद करत जा. नुसते बटण बंद करणे पुरते, पण शंका असेल तर प्लग काढा. सुरुवात टीव्हीच्या अडॅप्टरशेजारच्या बोर्डापासून करा, कारण गोंगाट जितका जवळ तितका त्याचा मार जास्त.

नमुना फ्लॅटमध्ये दुपारी ५८ एमबीपीएस होते आणि एकही पिंग हरवत नव्हता. रात्री नऊला ११ एमबीपीएस आणि २०० पैकी ६ हरवले. टीव्हीच्याच बोर्डावर लावलेला मोबाईल चार्जर काढल्यावर आकडा ३४ झाला. बाकी घर बंद करून काही फरक पडला नाही. पॅसेजमधला एलईडी पॅनल मात्र विझवला तेव्हा ५५ आले. चार्जर पलंगाच्या दुसऱ्या बाजूच्या बोर्डावर गेला आणि पॅनलचा ड्रायव्हर बदलला. तेवढ्यावर काम झाले.

एसी चालू झाल्यावरच दुवा पडतो असे दिसले, तर अडॅप्टर एसीच्या १६ अँपिअरच्या लाइनवरून काढून खोलीतल्या दुसऱ्या लाइनच्या सॉकेटवर न्या.

आमचा जोडफ्लॅट आहे, दोन मीटर आहेत. चालेल का?

भिंत पाडून दोन फ्लॅट एक केले तरी वीज बहुधा दोनच राहते. राउटर एका मीटरवर आणि टीव्ही दुसऱ्यावर असेल तर सिग्नलला तुमच्या डीबीतून खाली मीटर रूमपर्यंत जाऊन दुसऱ्या तारेने वर यावे लागते. कधी चालते, पण भरवसा ठेवू नका. तिथे मेश नोडच घ्या.

मोठ्या फ्लॅटमध्ये थ्री-फेज जोडणी असते, तिथेही हाच प्रश्न. खोल्या वेगवेगळ्या फेजवर वाटलेल्या असतात आणि एका फेजवरून दुसऱ्यावर सिग्नल जेमतेम उडी मारतो. वायरमनला इतकेच सांगा: “दादा, राउटरजवळचा पॉइंट आणि मागच्या बेडरूमचा पॉइंट एकाच फेजवर आहेत का, बघा जरा.” नसतील तर एक सर्किट डीबीत दुसऱ्या फेजवर घेता येते का, हे त्याला लोड बघून ठरवू द्या.

आमचा डेटा शेजाऱ्यांना दिसेल का?

सिग्नल भिंतीपाशी थांबत नाही, मीटरपलीकडे थोडा जातोच. म्हणून `Pair` बटण दाबणे टाळू नका. कारखान्यातून येणारे बरेच अडॅप्टर `HomePlugAV` या एकाच नावाने बोलतात आणि न दाबताही जोडले जातात. शेजाऱ्याकडेही तसेच असतील तर दोन घरे एका नेटवर्कवर येऊ शकतात. बटण दाबल्यावर जोडीची स्वतःची किल्ली तयार होते आणि डेटा १२८-बिट एईएसने बंद होतो.

टीव्ही लावल्यावर पहिला अर्धा मिनिट ‘नेटवर्क नाही’ असे का येते?

अडॅप्टर झोपलेला असतो. टीव्ही बंद झाला की लॅन पोर्ट शांत होते आणि काही मिनिटांनी अडॅप्टर वीज वाचवण्याच्या मोडमध्ये जातो. जाग यायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात टीव्ही हार मानतो. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये हा मोड बंद करता येतो. त्यात ती सोय नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये झटपट सुरू होण्याचा पर्याय चालू ठेवा. मग स्टँडबायमध्येही लॅन जागे राहते.

शेवटी घ्यायचे काय?

घराच्या मध्यावर अशी जागा आहे का, जिथे राउटरचा सिग्नल उणे ६५ किंवा त्याहून चांगला मिळतो, सॉकेट आहे आणि तिथून टीव्हीपर्यंत छोटी केबल जाते? असेल तर मेश नोड. नमुना फ्लॅटचा निकालही तोच. पॉवरलाइनने तिथे ५५ दिले, पण उद्या घरात नवा चार्जर आला की पुन्हा शोधाशोध.

अशी जागाच नसेल, मध्ये दगडी किंवा आरसीसीची भिंत असेल, टीव्ही पोटमाळ्यावर असेल, आणि वीज एका मीटरवर, एका फेजवर असेल, तर पॉवरलाइन. ते परत करता येईल अशाच दुकानातून घ्या, कारण तुमच्या तारांवर ते किती देईल हे लावून बघितल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. परतीची मुदत संपायच्या आत एक पूर्ण रात्र, एसी आणि सगळे चार्जर चालू ठेवून, वरची पिंगची चाचणी करून घ्या.

दोन्ही एकत्र वापरता येतात का?

येतात. पॉवरलाइनचा दुसरा अडॅप्टर टीव्हीऐवजी मेश नोडच्या लॅन पोर्टला जोडा, नोड तारेवरून नेट घेतो आणि टीव्हीसकट त्या खोलीतल्या फोनलाही देतो. सगळेच नोड असा तारेचा दुवा स्वीकारत नाहीत, तपशिलात ‘इथरनेट बॅकहॉल’ शोधा. एक काळजी घ्या: नोड टीव्हीच्या खोलीतच ठेवा. राउटर आणि नोड एकमेकांना वायफायवरही चांगले ऐकू येत असतील, तर काही संच तार सोडून हवेतला दुवा धरतात आणि मग पॉवरलाइन नुसतीच भिंतीवर लटकत राहते.